भाव आणि ओपन इंटरेस्ट: वायदेबाजारात पैसा नवा आला की जुना बाहेर पडला?

एखाद्या वायद्याचा, म्हणजे पुढच्या तारखेला ठरल्या भावाने खरेदी-विक्री करण्याच्या कराराचा, भाव एका दिवसात चार टक्क्यांनी वर गेला, एवढ्यावरून तो कोणी वर नेला हे कळत नाही. भाव आणखी वाढेल असे वाटून कोणीतरी नव्याने खरेदी केलेली असू शकते. किंवा आधी विकून बसलेल्या आणि आता तोट्यात सापडलेल्या कोणाला आपली विक्री मिटवण्यासाठी नाइलाजाने खरेदी करावी लागलेली असू शकते. दोन्ही खरेदींनी भाव सारखाच चढतो आणि आलेखावर दोन्ही दिवस सारखेच दिसतात. पण पहिल्या खरेदीत बाजारात नवा पैसा येतो आणि दुसरीत आधीपासून असलेला पैसा बाजार सोडून जातो. हा फरक भावात दिसत नाही. तो ओपन इंटरेस्टमध्ये दिसतो, आणि तोही भावाशेजारी ठेवून वाचला तरच.

ओपन इंटरेस्ट म्हणजे आज बाजार बंद होताना जे वायदे उभे आहेत, म्हणजे ज्यांचा अजून हिशेब मिटलेला नाही, त्यांची संख्या. शेअर किती असावेत हे कंपनी ठरवते, म्हणून शेअर फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जातात. वायद्याचे तसे नसते. एकाने खरेदीचे आणि दुसऱ्याने विक्रीचे बंधन स्वीकारले की वायदा जन्माला येतो, आणि दोघे आपापल्या बंधनातून मोकळे झाले की तो नाहीसा होतो. खरेदी करून बसलेल्याला लॉन्ग आणि विकून बसलेल्याला शॉर्ट म्हणतात. प्रत्येक उभ्या वायद्याला एक लॉन्ग आणि एक शॉर्ट असतोच, त्यामुळे ओपन इंटरेस्ट मोजताना एकच बाजू मोजली जाते. ‘ओपन इंटरेस्ट वाढला म्हणजे खरेदीदार वाढले’ असे जे सर्रास म्हटले जाते, ते याच कारणाने चूक आहे. खरेदीदार वाढले तेवढेच विक्रेतेही वाढलेले असतात.

एका सौद्याने हा आकडा कसा हलतो, ते पाहू. क आणि ख दोघेही बाजारात नवे आहेत. क दहा लॉट, म्हणजे ठरावीक आकाराचे दहा वायदे, खरेदी करतो, ख त्याला ते विकतो. ओपन इंटरेस्ट दहाने वाढतो. दुसऱ्या दिवशी क आपले दहा लॉट ग नावाच्या नव्या खरेदीदाराला विकून मोकळा होतो. सौदा झाला, व्हॉल्यूममध्ये दहाची भर पडली, पण ओपन इंटरेस्ट होता तेवढाच राहिला, कारण क च्या जागी फक्त ग आला. जुना शॉर्ट बाहेर पडून त्याच्या जागी नवा शॉर्ट आला, तरी हेच घडते. तिसऱ्या दिवशी ग विकून बाहेर पडतो आणि समोर खरेदी करणारा नेमका ख असतो, जो आपली जुनी विक्री मिटवत आहे. आता ओपन इंटरेस्ट दहाने कमी होतो. म्हणजे दोन्ही बाजू नव्या असतील तर वाढ, दोन्ही जुन्या असतील तर घट, आणि एक जुनी व एक नवी असेल तर बदल शून्य. (व्यवहारात ग आणि ख यांनी एकमेकांना शोधावे लागत नाही. मध्ये क्लिअरिंग हाउस प्रत्येकाचा प्रतिपक्ष म्हणून उभे असते. आकड्याचे गणित मात्र तेच राहते.)

व्हॉल्यूम किती सौदे झाले ते सांगतो, ओपन इंटरेस्ट किती सौदे रात्रभर उभे राहिले ते सांगतो. सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्यांची गर्दी व्हॉल्यूम फुगवते, पण ओपन इंटरेस्टवर तिचा ठसा उमटत नाही.

आता भाव त्यात मिसळू. ओपन इंटरेस्टचा बदल वायदे जन्मले की मेले एवढेच सांगतो. दोन बाजूंपैकी घाई कोणाला होती हे त्याला ठाऊक नसते. ते भाव सांगतो. ज्याला घाई असते तो समोरच्याच्या भावाला सौदा करतो, म्हणून भाव वर गेला तर घाई खरेदीदाराला होती आणि खाली गेला तर विक्रेत्याला होती, असे मानायला आधार आहे. या दोन उत्तरांच्या जोडीतून चार शक्यता निघतात. भाव वर आणि ओपन इंटरेस्टही वर, तर नवे खरेदीदार घाईत आहेत. याला बाजारात लॉन्ग बिल्डअप म्हणतात. भाव खाली आणि ओपन इंटरेस्ट वर, तर नवे विक्रेते घाईत आहेत. हा शॉर्ट बिल्डअप. भाव वर पण ओपन इंटरेस्ट खाली, तर जुने विक्रेते परत खरेदी करत आहेत. हे शॉर्ट कव्हरिंग. आणि भाव खाली, ओपन इंटरेस्टही खाली, तर जुने खरेदीदार विकून बाहेर पडत आहेत. हे लॉन्ग अनवाइंडिंग. पहिल्या दोन जोड्यांत नवा पैसा येतो, शेवटच्या दोन जोड्यांत जुना पैसा जातो.

ही नावे पाठ करणे सोपे आहे. पण त्यातला ‘पैसा’ नेमका कोणता, हे उघड केल्याशिवाय ती अर्धवटच कळतात. त्यासाठी एक काल्पनिक वायदा घेऊ. एका लॉटमध्ये १०० नग आहेत, सुरुवातीचा भाव ५०० आहे, म्हणजे एका लॉटची किंमत ५०,००० होते, आणि प्रत्येक बाजूला साधारण १२ टक्के, म्हणजे ६,००० एवढे मार्जिन, म्हणजे सौदा पाळण्याची हमी म्हणून अनामत, ठेवावे लागते. सात दिवसांचे आकडे असे आहेत:

| दिवस | भाव | ओपन इंटरेस्ट (लॉट) |
|---|---|---|
| सुरुवात | ५०० | ४०,००० |
| १ | ५०८ | ४३,००० |
| २ | ५१५ | ४७,००० |
| ३ | ५०६ | ५२,००० |
| ४ | ५०३ | ५३,००० |
| ५ | ५२४ | ४५,००० |
| ६ | ५२६ | ४४,००० |
| ७ | ५१७ | ४१,००० |

पहिल्या दिवशी ३,००० लॉट नव्याने उभे राहिले. प्रत्येक लॉटसाठी दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ६,००० ठेवले, म्हणजे बाजारात ३ कोटी ६० लाख एवढे मार्जिन नव्याने आले. हा खरा नवा पैसा. त्याच दिवशी भाव ८ ने वाढल्यामुळे आधीच्या ४०,००० लॉटवर शॉर्टवाल्यांच्या खात्यातून लॉन्गवाल्यांच्या खात्यात लॉटमागे ८०० गेले, म्हणजे एकूण ३ कोटी २० लाख. हा पैसा नवा नाही. तो बाजारातच होता, फक्त त्याचा खिसा बदलला. वायद्यात रोज संध्याकाळी अशी देवाणघेवाण होते, आणि एकाचा नफा दुसऱ्याच्या तोट्याइतकाच असतो. म्हणून भाव वाढल्याने ‘बाजारात पैसा आला’ असे म्हणता येत नाही. पैसा आला की नाही, ते उभ्या वायद्यांची संख्या सांगते.

आणखी एक बारकावा इथेच सांगितलेला बरा. नवे मार्जिन फक्त आशावादी लोकांचे नसते. निम्मे मार्जिन शॉर्टवाल्यांचे असते. भाव आणि ओपन इंटरेस्ट दोन्ही वर जातात तेव्हा चढत्या भावात विकायला तयार असलेली नवी माणसेही तेवढ्याच संख्येने बाजारात शिरलेली असतात. मला ही जोडी दमदार वाटते ती याच कारणाने. नव्या विक्रेत्यांचा सगळा पुरवठा पचवूनही भाव वर गेला, आणि वर ते विक्रेते आता तोट्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. भाव आणखी चढला तर त्यांनाच खरेदी करावी लागेल.

तिसऱ्या दिवशी भाव ९ ने पडला आणि ओपन इंटरेस्ट ५,००० ने वाढला, चौथ्या दिवशी आणखी थोडी घसरण आणि आणखी १,००० लॉटची भर. हा शॉर्ट बिल्डअप. इथे घाई नव्या विक्रेत्यांना होती, आणि ५०३ ते ५१५ या पट्ट्यात सुमारे ६,००० लॉटचे शॉर्ट आता बसलेले आहेत. त्यांचा पैसा या पट्ट्यात अडकला आहे, ही गोष्ट पाचव्या दिवसासाठी लक्षात ठेवायची.

पाचव्या दिवशी भाव २१ ने उसळला. केवळ भाव पाहणाऱ्याला ही सात दिवसांतली सर्वांत मोठी तेजी वाटेल. पण ओपन इंटरेस्ट ५३,००० वरून ४५,००० वर आला आहे. चौथ्या दिवशी ५०३ ला विकलेल्या माणसाचा एका लॉटवर २,१०० एवढा तोटा झाला आहे, म्हणजे त्याच्या मार्जिनचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एका दिवसात गेला. त्याला एकतर नवे मार्जिन भरायचे आहे, नाहीतर खरेदी करून सुटका करून घ्यायची आहे. अशा सुटकेसाठी होणारी खरेदी कोणत्याही भावाला होते, म्हणून उसळी तीव्र असते. मात्र त्याच्या खरेदीसमोर विकले कोणी, हा प्रश्न विचारायलाच हवा. ओपन इंटरेस्ट कमी झाला आहे, म्हणजे जमाखर्च मांडला तर विक्रेतेही मुख्यतः जुनेच होते: पहिल्या-दुसऱ्या दिवशी, किंवा त्याही आधी खरेदी केलेले लॉन्गवाले, जे आता नफा घेऊन निघाले. तेजीचे समर्थकच या उसळीत दारातून बाहेर पडत होते. बंद झालेल्या ८,००० लॉटमागचे सुमारे ९ कोटी ६० लाख एवढे मार्जिन मोकळे झाले, आणि भावफरकापोटी शॉर्टवाल्यांकडून लॉन्गवाल्यांकडे ढोबळमानाने ११ कोटींहून अधिक रक्कम गेली. पैसा जोरात फिरला आणि नंतर बराचसा निघून गेला.

म्हणून शॉर्ट कव्हरिंगची तेजी स्वतःचे इंधन जाळत जाते. घाबरलेले शॉर्ट सुटले की घाईची खरेदी थांबते, आणि भाव टिकवायला नवा खरेदीदार यावा लागतो. तो आला की नाही, हे पुढच्या एक-दोन दिवसांत कळते. आपल्या उदाहरणात सहाव्या दिवशी भाव जेमतेम २ ने वाढला आणि ओपन इंटरेस्ट आणखी १,००० ने घटला. नवा कोणी आला नाही. सातव्या दिवशी भाव ९ ने उतरला, ओपन इंटरेस्ट ३,००० ने कमी झाला. हे लॉन्ग अनवाइंडिंग: उरलेले खरेदीदार कंटाळून किंवा घाबरून निघत आहेत. सहाव्या दिवशी ओपन इंटरेस्ट वाढून भाव टिकला असता, तर त्याच उसळीचा अर्थ वेगळा लागला असता, कारण शॉर्ट कव्हरिंग हे एखाद्या मोठ्या तेजीचे पहिले पाऊलही असू शकते. त्यामुळे ‘शॉर्ट कव्हरिंग म्हणजे खोटी तेजी’ हा सरधोपट निष्कर्ष मला मान्य नाही. त्या दिवशी नवा पैसा आला नव्हता, एवढेच खात्रीने म्हणता येते.

सातव्या दिवसाची घसरण आणि तिसऱ्या दिवसाची घसरण दोन्ही ९ च्या आहेत, तरी त्या एकसारख्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाव पडेल या मतावर नव्याने पैसा लावला गेला होता. सातव्या दिवशी तसे मत घेऊन कोणी आले असे दिसत नाही. आधीचे मत सोडले गेले एवढेच. पहिल्या प्रकारची घसरण विक्रेत्यांचा पैसा असेपर्यंत चालू राहू शकते, दुसऱ्या प्रकारची घसरण विकायचे होते ते विकून झाले की मंदावते.

या वाचनाला मर्यादा आहेत, आणि त्यांतली पहिली गणितातच आहे. दिवसअखेरचा आकडा निव्वळ असतो. ओपन इंटरेस्ट १,००० ने वाढला याचा अर्थ फक्त १,००० नवे लॉट आले असा होत नाही. २०,००० नवे उभे राहून १९,००० जुने मिटले असतील. म्हणून एकूण आकड्याच्या मानाने किरकोळ असलेल्या बदलाला, उदाहरणार्थ चौथ्या दिवशीच्या १,००० च्या भरीला, मी एकट्याने फारसा अर्थ देत नाही. तिसऱ्या दिवसाच्या ५,००० शेजारी तो ठेवला तरच काही सांगतो. आकडा लॉटमध्ये किंवा नगांमध्येच मोजावा, किमतीत नाही. भाव वाढला की उभ्या वायद्यांची एकूण किंमत आपोआप वाढते, एकही नवा वायदा उभा राहिला नाही तरी.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. सगळेच शॉर्ट मंदीवाले नसतात. वायद्याचा भाव रोख बाजारातल्या भावापेक्षा बराच वर गेला की काही जण रोख बाजारात माल घेतात आणि तेवढाच वायदा विकतात. मधला फरक हाच त्यांचा नफा. भाव आणखी चढला तर वायद्यातला त्यांचा तोटा मालाच्या वाढलेल्या किमतीने भरून निघतो, त्यामुळे ते घाबरून कव्हरिंग करत नाहीत. उत्पादकाने आपल्या मालाच्या भावाचे संरक्षण म्हणून केलेली विक्रीही अशीच असते. म्हणून वायदा आणि रोख यांच्या भावांतले अंतर सोबत पाहावे. समजा आपल्या उदाहरणात दुसऱ्या दिवशी रोख भाव ५०९ होता आणि वायदा ५१५, म्हणजे अंतर ६. तिसऱ्या दिवशी रोख ५०४ आणि वायदा ५०६, म्हणजे अंतर २. वायदा रोखीपेक्षा जास्त पडला, तेव्हा विक्रीचा दबाव वायद्यातूनच आला होता आणि शॉर्ट बिल्डअप हे वाचन पक्के झाले. उलट ओपन इंटरेस्ट वाढत असताना भाव आणि अंतर दोन्ही वाढत असतील, तर नवे खरेदीदार घाईत आहेत हे मानायला दुसरा पुरावा मिळाला. मात्र त्यांच्यासमोरचे काही शॉर्ट हे असे संरक्षित असणार हेही गृहीत धरायला हवे. अमेरिकेतल्या वायद्यांसाठी तिथली नियामक संस्था सीएफटीसी दर आठवड्याला मंगळवारअखेरचे ओपन इंटरेस्ट व्यापारी उत्पादक-ग्राहक आणि सट्टेबाज अशा गटांत विभागून, सहसा शुक्रवारी, प्रसिद्ध करते. ही माहिती तीन दिवस शिळी असते, पण शॉर्ट कोणाचे आहेत याचा अंदाज तिच्यातून येतो.

तिसरी अडचण मुदतीची, आणि नवख्या वाचकाची सर्वाधिक फसगत इथेच होते. वायद्याची मुदत संपत आली की पुढेही टिकून राहू इच्छिणारे लोक जवळच्या महिन्यातला सौदा मिटवून पुढच्या महिन्यात तोच उभा करतात. याला रोलओव्हर म्हणतात. जवळच्या महिन्याचा ओपन इंटरेस्ट ९,००० ने घटला, भाव वर गेला, म्हणून कोणी शॉर्ट कव्हरिंग जाहीर केले, पण त्याच दिवशी पुढच्या महिन्यात ८,५०० ची भर पडलेली असेल, तर एकूण घट फक्त ५०० ची आहे. माणसे तीच आहेत, फक्त त्यांनी खोली बदलली. मुदतीच्या आठवड्यात सगळ्या महिन्यांची बेरीज केल्याशिवाय चारपैकी कोणतेही नाव देऊ नये.

तरीही मुदतीजवळची प्रत्येक घट निरुपद्रवी नसते. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतल्या डब्ल्यूटीआय कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा भाव पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. आदल्या शुक्रवारी तो १८.२७ डॉलर होता. वायदा दुसऱ्याच दिवशी, २१ तारखेला संपणार होता. त्याची पूर्तता ओक्लाहोमा राज्यातल्या कुशिंग इथे प्रत्यक्ष तेल स्वीकारून व्हायची, एका वायद्यामागे १,००० पिंपे, आणि महासाथीमुळे मागणी कोसळल्याने तिथल्या टाक्यांत मोकळी जागा मिळणे जवळजवळ अशक्य झाले होते. ज्यांना तेल नको होते अशा लॉन्गवाल्यांना कोणत्याही भावाला विकणे भाग होते. त्या एका दिवसात मे वायद्याचा ओपन इंटरेस्ट एक लाखाहून अधिक वायद्यांवरून तेरा हजारांच्या आसपास आला. भाव खाली, ओपन इंटरेस्टही खाली, म्हणजे हे लॉन्ग अनवाइंडिंगच, फक्त टोकाला गेलेले. आणि ही तेलाबद्दल नव्याने झालेली मंदीची पैज नव्हती, हे शेजारच्या आकड्यावरून दिसते: त्याच दिवशी जून महिन्याचा वायदा घसरला खरा, पण २०.४३ डॉलरवर बंद झाला. विक्रीची सक्ती मे महिन्यात अडकलेल्यांवर होती, आणि भाव तिथेच शून्याखाली गेला.